बाकाचं दुसरं टोक

सगळी इमारत त्यांना भोंगेकाका म्हणायची. अर्थात पाठीमागे. समोर नुसतं 'काका' म्हणायचं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं पळायचं, अशी पद्धत होती. चौथ्या मजल्यावरचे गुडघेदुखीवाले गृहस्थसुद्धा काका दिसले की तरण्याताठ्या पोरासारखे जिना चढायचे. डॉक्टरच्या औषधानं जे जमलं नाही ते काकांच्या नुसत्या दर्शनानं जमलं होतं.

काकांनी अख्खी नोकरी रेल्वे स्टेशनात उद्घोषक म्हणून काढली. फलाटाच्या वर काचेची एक केबिन, समोर मायक्रोफोन, एक बटण. बटण दाबलं की घंटा वाजायची, आणि मग काका बोलायचे. कुठली गाडी, कुठला फलाट, किती उशीर, होणाऱ्या गैरसोयीबद्दल खेद. मग क्षणभर थांबून तेच सगळं शब्दाला शब्द पुन्हा. खाली हजारो माणसं ऐकत होती, आणि इतक्या वर्षांत एकानंही उलटून शब्द काढला नाही. काढला असेल, तर तो काचेतून वर आला नाही. आता बोला. ज्या माणसाला उभ्या आयुष्यात कुणी मध्येच तोडलं नाही, त्याला निवृत्त करून दोन खोल्यांच्या घरात बायकोसमोर आणून बसवलं. त्याच्या जागी कुठल्याशा बाईचा ध्वनिमुद्रित आवाज लावला. तो आवाज निदान गाडी नसली की गप्प बसतो.

घरात काकांची सेवा अखंड चालू झाली. "दूध उतू जायच्या बेतात आहे," ते बाहेरच्या खोलीतून सांगायचे. काकू गॅस बंद करायच्या. "दूध उतू जायच्या बेतात आहे," काका दुसऱ्यांदा सांगायचे, कारण पहिल्यांदा एखाद्याचं लक्ष नसतं. नळ कसा बंद करावा, पेपराची घडी कशी घालावी, दाराची कडी आधी वरची लावावी की खालची, कशावरही त्यांचं काही ना काही म्हणणं असे. आणि ते वाईट मनानं नव्हतं हो. समोरच्या माणसाची गाडी चुकू नये, एवढीच त्यांची तळमळ. समोरच्या माणसाला कुठे जायचंच नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नसे.

मुलीला दिवस गेले होते आणि नववा महिना भरत आला होता, तेव्हाची ही गोष्ट. मुलीचं घर दुसऱ्या शहरात. बाळंतपणाला काकू जाणार हे ठरलेलंच होतं. काकांनी आपली बॅगही भरली. तेव्हा काकू त्यांच्यासमोर येऊन बसल्या. त्या समोर येऊन बसल्या म्हणजे काहीतरी खरं ऐकावं लागणार, हे एवढं मात्र काकांना कळत असे.

"अहो, तिचा फोन आला होता. म्हणाली, आई, तू ये."

"मग निघू या की."

"तू ये, म्हणाली."

काकांना समजायला वेळ लागला. गेल्या खेपेला ते दोघं मुलीकडे राहून आले होते. काकांनी जावयाला रोज मार्गदर्शन केलं होतं. गाडी कशी लावावी, साहेबाशी कसं बोलावं, पगार कसा गुंतवावा. जावई इतका गुणी की एकदाही वाद घातला नाही. आणि आता पोटची पोरगी म्हणते, बाबा नकोत. नातवंड व्हायचं होतं, पहिलं, आणि त्यांना फोटोत बघायला सांगत होते.

"मी काय वाईट बोललो तिथे?"

"वाईट नाही बोललात. नुसतं बोललात," काकू म्हणाल्या. "तुम्ही माणसाशी बोलत नाही, माणसावर बोलता. मी सवयीची आहे, दगड झालेय. त्या पोरांनी का सोसावं?"

मग काकूंनी अट घातली. समोर बाग आहे. तिथे बाकावर जाऊन बसायचं. एका अनोळखी माणसाशी बोलायचं, आणि त्यानं आपण होऊन सांगितलेली एक गोष्ट घेऊन घरी यायचं. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते नको, त्यानं तुम्हाला काय सांगितलं ते. हे जमलं तर मी स्वतः मुलीला सांगेन की बाबाही येतायत.

काका हसले. ज्यानं रोज हजारोंशी संवाद साधला त्याला हे बागेतलं एक गिऱ्हाईक काय जड?

पहिल्या दिवशी बाकावर एक बाई होती, बाबागाडीत बाळ. काका बाकाच्या मधोमध बसले आणि पूर्ण तिच्याकडे वळले. "नाव काय? किती महिन्यांचा? टोपी का नाही घातली? राहायला कुठे?" बाईनं पहिल्या प्रश्नाला उत्तर दिलं, दुसऱ्याला अर्धं दिलं, चौथ्याला बाबागाडीचा ब्रेक काढला. काकांनी तिला मागून टोपीचं पुन्हा एकदा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

दुसऱ्या दिवशी पेपर वाचणारे एक गृहस्थ सापडले. काकांनी शेजारी बसून त्यांच्याच पेपरातली बातमी त्यांना समजावून सांगितली. गृहस्थांनी पान उलटलं. काकांनी उलटलेलं पानही समजावलं. शेवटी त्या माणसानं पेपराची घडी घातली, ती काकांच्या हातात ठेवली आणि निघून गेला. काका घरी येऊन म्हणाले, "माणूस फार दिलदार. पेपर देऊन टाकला." काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो, त्यानं पेपर नाही दिला, सुटका करून घेतली."

"मग बोलायचं तरी कसं? तूच सांग. तुझ्याशी बरी भाजीवालीपासून दंतवैद्यापर्यंत सगळी बोलतात."

ते खरं होतं. काकू भाजीच्या रांगेत उभ्या राहिल्या की कोथिंबीर हातात पडेपर्यंत पुढच्या बाईच्या नणंदेच्या घटस्फोटापर्यंत पोहोचलेल्या असायच्या. आणि त्यांना कुणी चोंबडी म्हणत नसे, बायका आपण होऊन सांगायच्या. हे कसं होतं, यावर काकूंनी कधी विचार केला नव्हता. त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्यांनी केला.

"आधी बसायचं कसं ते शिका. बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये एक पिशवी मावेल एवढी जागा, म्हणजे त्याला वाटलं तर तो मध्ये पिशवी ठेवेल आणि तुम्हाला कळेल की नको आहे. त्याच्याकडे तोंड करायचं नाही. तो बघतोय तिकडे बघायचं. तोंडासमोर तोंड आणलं की माणसाला उत्तर देणं भाग पडतं, आणि भाग पडलेला माणूस पळायची वाट शोधतो."

"आणि विचारायचं काय?"

"काही नाही. पहिलं वाक्य प्रश्न नसावंच. त्याच्याबद्दल नसावं, तुमच्याबद्दल तर नसावंच नसावं. दोघांना दिसतंय अशा कशाबद्दल तरी बोलायचं, आणि असं बोलायचं की त्यानं उत्तर नाही दिलं तरी कुणाचा अपमान होऊ नये. सोडायचं आणि गप्प बसायचं. 'हं' म्हणाला तर विषय संपला, आपण आपली झाडं बघायची. दोन वाक्यं बोलला तर समजायचं, दार किलकिलं आहे."

"मग मी—"

"मग तुम्ही नाही. मग तो. त्यानं जे शेवटचं म्हटलं असेल ते धरायचं, तुमच्या डोक्यात तयार असलेलं नाही. त्यानं घरातलं थोडं सांगितलं तर तुम्हीही तेवढंच थोडं सांगायचं, नाहीतर त्याला वाटतं आपली झडती चाललीय. पण तेवढंच हं. त्यानं चमचाभर दिलं म्हणून तुम्ही घागर उपडी करायची नाही. आणि तो थांबला की लगेच तोंड उघडायचं नाही. माणूस थांबतो ते बऱ्याचदा संपलं म्हणून नाही, पुढचं सांगू की नको असं वाटतं म्हणून. तिथे तुम्ही घुसलात की ते परत आत जातं."

काका ऐकत होते. म्हणजे गप्प होते. "आणि सल्ला?" त्यांनी विचारलं.

"मागितला तर."

"आणि नाही मागितला तर?"

काकूंनी भाजीची सुरी खाली ठेवली आणि नुसतं बघितलं.

दोन दिवस काका टोकाला बसून आले. एकदा पिशवी मध्ये आली, एकदा शेजारचा झोपला. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ते गेले तेव्हा त्यांच्या बाकावर तिशीतला एक तरुण होता. ऑफिसची बॅग पायाशी, बुटांच्या नाड्या सैल, हातातला फोन बंद. काका दुसऱ्या टोकाला बसले. तो थोडासा सरकला, पण बॅग उचलून मध्ये ठेवली नाही. काकांनी हे टिपलं.

समोर हिरवळीवर एक जाडजूड माणूस कुत्र्याला चेंडू आणायला शिकवत होता. चेंडू फेकायचा, ओरडायचा. कुत्रा बसून राहायचा. मग तो माणूस स्वतः धावत जाऊन चेंडू आणायचा आणि पुन्हा फेकायचा. काकांच्या जिभेवर श्वानप्रशिक्षणाचं अख्खं व्याख्यान येऊन उभं राहिलं. ते त्यांनी गिळलं. गिळताना खरंच त्रास झाला.

"कुत्र्यानं चांगलं तयार केलंय त्याला," काका समोर बघत म्हणाले आणि गप्प बसले.

मग शेजारून फुस्सकन हसू आलं. "रोज चालतं हे. काल तर त्यानं दोन चेंडू आणले होते, दोन्ही त्यालाच आणावे लागले."

दोन वाक्यं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या उद्घोषणेला उत्तर आलं होतं. त्यांनी शेवटचं काय ते शोधलं. "म्हणजे तुम्ही रोज येता."

"सध्या येतो." तो थांबला. काकाही थांबले. ही थांबण्याची कला मोठी जीवघेणी, श्वास कोंडून धरल्यासारखं होतं. "तुम्ही?"

"बायको घरातून बाहेर काढते," काका म्हणाले. चमचाभर. घागर त्यांनी दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवली.

तरुण पुन्हा हसला. "मला कुणी काढत नाही. मीच थांबतो इथे."

ऑफिस सुटल्यावर थेट घरी जावं, वेळेचं महत्त्व, काकांच्या केबिनमधल्या भिंतीवरच्या घड्याळाचा काटा, हे सगळं रांगेत उभं होतं. काकांनी फक्त म्हटलं, "थांबता?"

एक शब्द. त्याचाच, त्यालाच परत दिलेला. आणि काय आश्चर्य, तेवढ्यावर तो माणूस बोलायला लागला.

"सासरे आलेत राहायला. महिना होत आला." तो कुत्र्याकडे बघत बोलत होता. बरं होतं, कारण काकांचा चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता. "माणूस वाईट नाही. जीव आहे त्यांचा माझ्यावर. पण घरात पाऊल टाकलं की सुरू होतात. चप्पल अशी काढ, नळ असा सोड, नोकरी अशी कर. ते बोलतात तेव्हा मी तिथे असण्याची गरज नसते हो. एकदा मी उठून गेलो, दात घासले, परत आलो. ते त्याच वाक्यावर होते."

काकांना हे ऐकून पहिला राग आला तो त्या पोराचा. मोठ्या माणसानं चार शब्द सांगितले तर नाकाला मिरच्या झोंबायला काय झालं? सासरा काय तुझ्या वाईटाचं सांगतो? तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात लक्षात आलं की पोरगा थांबलाय, आणि संपून थांबलेला नाही. काकांनी तोंड मिटलं.

"बायकोला सांगितलंय, ऑफिसात काम वाढलंय," तो हळू म्हणाला. "अंधार पडेपर्यंत इथे बसतो. ते झोपायच्या बेतात असले की जातो. तिला बहुतेक कळलंय. ती काही विचारत नाही, नुसतं ताट झाकून ठेवते. आणि गंमत सांगू? सासऱ्यांना माझं केवढं कौतुक. सगळ्यांना सांगत सुटलेत, आमचा जावई म्हणजे कामाला वाघ, रोज उशिरापर्यंत राबतो."

भोंगेकाका कुत्र्याकडे बघायचं विसरले. गेल्या खेपेला मुलीकडे असताना त्यांचा जावईसुद्धा रोज अंधार पडल्यावर घरी यायचा. रोज. मुलगी ताट झाकून ठेवायची. आणि परत आल्यावर काकांनी अख्ख्या इमारतीला, लिफ्टमध्ये गाठून गाठून, दोन दोनदा सांगितलं होतं की आमचा जावई काय मेहनती आहे. जावयाला तर त्यांनी ऑफिसात जादा वेळेचे पैसे मागायचा सल्लाही दिला होता. तो बिचारा 'बघतो' म्हणाला होता. कुठल्या बागेत बसत असेल तो? तिथे निदान कुत्रा तरी होता का?

त्यांना खूप काही विचारायचं होतं. काय करायचं त्या म्हाताऱ्यानं, असं त्यांना अगदी कळवळून विचारायचं होतं. पण ते या पोराचं काम नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "दमत असाल."

"दमतो," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम लहान झाला. "घर माझं, हप्ते मी भरतो, आणि बसतो बागेत. हे मी कुणाला सांगितलं नाहीये. ओळखीच्या माणसाला सांगितलं की फिरून घरीच येतं. तुम्ही कोण, मी कोण, म्हणून बोललो."

कुत्रेवाला माणूस दमून हिरवळीवर बसला. कुत्रा उठला, चेंडू हुंगला आणि दुसरीकडे निघून गेला. दोघंही बघत राहिले. मग तरुणानं नाड्या आवळल्या, बॅग मांडीवर घेतली, फोन चालू केला. काकांना काकूंनी सांगितलं नव्हतं, तरी कळलं की आता तो 'चला' म्हणणार आणि ते त्यानंच म्हणायला हवं.

"चला," तो म्हणाला. उठून दोन पावलं गेला आणि वळला. "बरं वाटलं तुमच्याशी बोलून. तुम्ही फार कमी बोलता, नाही?"

हे वाक्य भोंगेकाकांना कुणीतरी म्हटलं, याला साक्षीदार कुणी नव्हता. एरवी त्यांनी ते दवंडी पिटून गावभर केलं असतं.

घरी काकू दारातच होत्या. बॅगा भरून पलंगावर ठेवलेल्या, काकूंची एक आणि काकांची एक. "काय, भेटलं का कुणी?"

"भेटला."

"बोलला?"

"बोलला."

"मग सांगा की. काय म्हणाला?"

काका बूट काढत राहिले. अट पुरी झाली होती. नुसतं तोंड उघडायचं आणि नातवंडाला मांडीवर घ्यायचं. पण त्या पोरानं ते बाकावर ठेवलं होतं ते बाकावरच राहील या भरवशावर, आणि ते उचलून घरी आणणं काही काकांना जमेना.

"ते त्याचं आहे," ते म्हणाले. "सांगता नाही येणार."

"म्हणजे आजही कुणी बोललं नाही तुमच्याशी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. "असू दे. मी हात धुऊन येते."

काकांनी फोन उचलला आणि जावयाला लावला. त्यांनी स्वतःहून जावयाला फोन करायची ही पहिली वेळ नव्हती, पण याआधी नेहमी काहीतरी सांगायचं असायचं.

"हं, बाबा. बोला." जावयाचा आवाज शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखा. काकांना तो आज पहिल्यांदा ऐकू आला.

"काही नाही, जावईबापू. तुमच्या सासूबाईंना पाठवतोय. त्या एकट्याच येतील. मी नंतर येईन, तुम्ही बोलवाल तेव्हा."

इथे जावयानं म्हणायला हवं होतं, छे छे बाबा, असं कसं, तुम्हीही या. चार माणसांत तशी रीत असते. काका थांबले. नको नको म्हणत मनातल्या मनात वाट बघत थांबले.

"बरं," जावई म्हणाला. फार पटकन म्हणाला. आणि त्यापाठोपाठ त्यानं सोडलेला मोठा श्वास फोनमधून स्पष्ट आला.

काकांनी डोळे मिटले. लागायचं ते लागलं. त्यांनी फोन मात्र खाली ठेवला नाही. आणि मग, बऱ्याच वेळानं, पलीकडून आवाज आला.

"बाबा, एक सांगू? मला भीती वाटतेय. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण मला रात्र रात्र झोप नाही. हिला सांगत नाही, ती घाबरेल. माझ्या वडिलांना सांगावं तर ते हसतील..."

जावई बोलत राहिला. काका फोन कानाला लावून पलंगाच्या कडेला बसले होते, आणि त्यांच्या तोंडून मध्येच एखादं 'हं' तेवढं निघत होतं. काकू हात पुसत आल्या, त्यांनी जरा वेळ बघितलं, मग घाबरून जवळ आल्या आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"अहो, फोन बंद पडलाय का?"